पैसे घेऊन केलेल्या रीलवर नक्की काय लिहायचं? ‘कोलॅब’, ‘सौजन्य’ की सरळ ‘जाहिरात’?

चाटीगल्ली_टॉवेल

नमस्कार मंडळी. चाटी गल्लीत आमचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. लग्नसराईत आहेराचा माल जास्त जातो, म्हणून सोलापुरातल्याच एका पेजकडून रील करून घेतली आहे. व्यवहार असा: ८,००० रुपये, शिवाय दोन डबल चादरी आणि सहा टॉवेल त्यांनी ठेवून घ्यायचे. रील ४८ सेकंदांची आहे. तयार आहे, पण अजून टाकलेली नाही. कॅप्शन त्यांनी असं पाठवलंय (दुकानाचं नाव काढून देतो):

“सोलापूरची शान, आहेराचा मान! विशेष आभार आणि सौजन्य: … `#solapur #chadar #towel #lagnasarai #collab #sp`”

व्हिडिओवर कुठंही काही लिहिलेलं नाही. सुरुवातीला त्या ताई म्हणतात, “आज सहज चाटी गल्लीतून चालले होते, तर हे दुकान दिसलं.” पेजवाल्यांचं म्हणणं, `#collab` टाकलंय तेवढं पुरे, जास्त लिहिलं की लोक पुढं सरकतात. नियमाप्रमाणे काय लागतं? आणि माझ्यासाठी जास्त मोलाचं म्हणजे, कोणते शब्द वापरले की गिऱ्हाइकाचा विश्वास टिकतो?

मालक_जुळे_सोलापूर

मालक, एवढा विचार करू नका. इन्स्टावर रील टाकताना `Add paid partnership label` असं बटण येतं, ते चालू करायचं आणि दुकानाचं अकाउंट जोडायचं. नावाखाली आपोआप लिहून येतं. विषय संपला. फक्त ते विसरू नका, कारण नाही लावलं तर ५० लाख दंड आणि तुरुंग आहे.

ठळक_अक्षर

मालकांनी सांगितलेलं बटण लावायलाच हवं, पण तिथं विषय संपत नाही. दंडाचंही जरा नीट सांगतो.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन करणारी संस्था म्हणजे अ‍ॅस्की. तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. ती जाहिरात बदलायला किंवा काढायला सांगते, दंड करत नाही. दुसरीकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालची २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं. तिथं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदी येऊ शकते, पुन्हा घडलं तर तीन वर्षांपर्यंत. शिक्षेचं कलम आहे, पण ते खोटी जाहिरात करणाऱ्या उत्पादकासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी. एखाद्या पेजनं लेबल विसरलं म्हणून लगेच कुणी आत जात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी सोपी पुस्तिकाही काढली आहे, ती पेजवाल्या ताईंना वाचायला द्या.

आता तुमच्या रीलकडे येऊ. अ‍ॅस्कीचा हिशोब व्हिडिओच्या लांबीवर आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद दिसलं पाहिजे. १५ सेकंदांच्या वर आणि दोन मिनिटांच्या आत असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. म्हणजे ४८ सेकंदांच्या रीलवर किमान १६ सेकंद. दोन मिनिटं किंवा जास्त असेल तर ज्या भागात मालाबद्दल बोलणं चालू आहे तो सगळा भाग. विभागाच्या पुस्तिकेप्रमाणे व्हिडिओत ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत. तुमची रील मराठीत आहे, तर लेबल मराठीत.

तुमच्या कॅप्शनमध्ये एकही गोष्ट चालण्यासारखी नाही. `#collab` आणि ‘स्पॉन्सर्ड’ या अर्थाचं `#sp` हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी आहेत, आणि असं गर्दीत मिसळलेलं लेबल चालत नाही. “विशेष आभार” आणि “सौजन्य” यांतून पैसे घेतल्याचं काहीच कळत नाही. सोलापुरात चौकाचौकातल्या फ्लेक्सवर “सौजन्य” असतं. ते वाचून माणसाला वाटतं, कुणीतरी मित्रमंडळानं खर्च केला. पैसे घेऊन कौतुक केलं, असा अर्थ कुणाच्या डोक्यात येत नाही.

पण लेबलाच्या आधी ते पहिलं वाक्य काढा. “सहज चालले होते, तर दिसलं” हे खोटं आहे. वर कितीही मोठं ‘जाहिरात’ लिहिलंत तरी ते वाक्य त्याला छेद देणार, आणि लोक नेमकं तेच पकडतात.

चाटीगल्ली_टॉवेल

ते वाक्य त्यांनीच लिहिलंय. म्हणे सगळे असंच सुरू करतात. काढायला सांगतो. पण अ‍ॅस्कीच्या यादीत ‘कोलॅबोरेशन’ हा शब्द चालतो असं त्या ताईंनी स्क्रीनशॉट काढून दाखवलंय. मग अडचण काय?

ठळक_अक्षर

चालतो, खरं आहे. यादीत जाहिरात, अ‍ॅड, स्पॉन्सर्ड, कोलॅबोरेशन, पार्टनरशिप असे शब्द आहेत. विभागाच्या पुस्तिकेतही कोलॅबोरेशन आहे. म्हणजे नियमापुरता तो पूर्ण शब्द, ठळक आणि वेगळा लिहिला, तर बसतो. `#collab` असं तोडून हॅशटॅगमध्ये टाकलं तर बसत नाही.

माझा आक्षेप प्रेक्षकाच्या बाजूनं आहे. इन्स्टावरच `Invite collaborator` अशी वेगळी सोय आहे. दोन अकाउंट मिळून एकच पोस्ट टाकतात आणि वर दोघांची नावं दिसतात. त्यात पैशांचा संबंध असेलच असं नाही. दोन गायक, दोन मित्र, शाळा आणि विद्यार्थी, कुणीही ते वापरतं. त्यामुळे ‘कोलॅब’ वाचून बघणाऱ्याला एवढंच वाटतं की दोघांनी मिळून काहीतरी केलं. अमेरिकेतली नियामक संस्था तर ‘कोलॅब’, ‘एसपी’, नुसतं ‘अ‍ॅम्बॅसडर’ किंवा ब्रँडला नुसतं ‘थँक यू’ हे संदिग्ध म्हणून टाळायलाच सांगते.

कन्ना_चौक

मी फक्त बघणारी आहे, बनवणारी नाही. माझ्यापुरतं सांगते. नावाखालचं ते बारीक `Paid partnership` मी कधी वाचत नाही, माझं लक्ष चित्राकडे असतं. आणि निम्म्या रील मला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. आमच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी डाउनलोड करून टाकतं. तिथं ना नाव असतं ना कॅप्शन.

दुसरं म्हणजे जाहिरात असेल तर माझी काही तक्रार नसते. टॉवेल घ्यायचाच असतो, कुठं मिळतो ते कळलं तर बरंच. पण अर्ध्यात कळलं की हे पैसे घेऊन चाललंय, तर मग त्या बाईनं आधी काय काय सांगितलं होतं ते सगळंच खोटं वाटायला लागतं.

ठळक_अक्षर

ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपचं बरोबर पकडलं. अ‍ॅपनं लावलेला टॅग व्हिडिओच्या बाहेर असतो. फाइल बाहेर पडली की तो मागं राहतो. म्हणून लेबल एडिट करतानाच चित्रावर पक्कं उमटवायचं, आणि अ‍ॅपचा टॅग त्याशिवाय वेगळा लावायचा. अ‍ॅस्कीचंही म्हणणं हेच आहे की अ‍ॅपची सोय स्वतःच्या लेबलाच्या जोडीला वापरावी. आणि प्रोफाइलच्या बायोमध्ये एकदाच “काही पोस्ट सशुल्क असतात” असं लिहिणं तर मुळीच पुरत नाही.

जागा कुठली? रीलची चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची असते. रीलमधल्या जाहिरातींसाठी मेटाचीच सूचना आहे की वरचे सुमारे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही कडांचे ६-६ टक्के मोकळे सोडा, कारण तिथं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. पिक्सेलमध्ये धरलं तर वरून साधारण २७० आणि खालून ६७० सोडून मधल्या भागात लेबल आलं पाहिजे. बहुतेक जण खाली डाव्या कोपऱ्यात लिहितात, तिथं नेमकं कॅप्शन बसतं. मग लेबल लावलेलं असूनही कुणाला दिसत नाही. मी डावीकडे वरून ३०० पिक्सेलच्या आसपास लावतो.

तुमच्या मालात आणखी एक अडचण आहे. चादरीचं नक्षीकाम ठळक रंगाचं आणि चौकटी-चौकटीचं असतं. त्यावर पांढरी अक्षरं टाकली की चादर उलगडताना ती गायब होतात, आणि सावली देऊनही उपयोग होत नाही. मागं गडद, पूर्ण भरीव पट्टी द्या. पट्टी देताना अक्षरांच्या वर जागा सोडा. मोबाइलवरचे काही एडिटर पट्टी इंग्रजी अक्षरांच्या उंचीनं कापतात, आणि ‘जाहिरात’ मधल्या ‘हि’ची वेलांटी पट्टीच्या बाहेर जाते किंवा अर्धी छाटली जाते. अक्षरांच्या वर आणि खाली एक-एक मोकळी ओळ टाकली की पट्टी उंच होते.

अभ्यासिका

मी जनसंवादात याच विषयावर काम करते, म्हणून प्रयोगांतून काय दिसलंय ते थोडं सांगते. २०१७ साली इन्स्टाग्राम पोस्टवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच पोस्टवर काहींना काहीच लेबल नाही, काहींना `SP`, काहींना `Sponsored` आणि काहींना `Paid Ad` दाखवलं. जाहिरात आहे हे सर्वांत जास्त ओळखलं ते `Paid Ad` पाहिलेल्यांनी. म्हणजे साधा, पैशांचा उल्लेख असलेला शब्द कळतो आणि आद्याक्षरं कळत नाहीत.

मात्र त्याच प्रयोगाची दुसरी बाजू इथं सांगायलाच हवी. ज्यांनी जाहिरात ओळखली आणि लेबल लक्षातही ठेवलं, त्यांचं ब्रँडबद्दलचं मत थोडं उतरलं आणि पोस्ट पुढं पाठवायची इच्छाही कमी झाली. पेजवाल्या ताईंची भीती अगदीच निराधार नाही. लेबल स्पष्ट असेल तर माणूस सावध होतो. तसा सावध करणं हाच लेबलाचा हेतू आहे.

वेळेचंही तसंच. २०१२ मध्ये टीव्ही कार्यक्रमावर केलेल्या प्रयोगात ३ सेकंदांची आणि ६ सेकंदांची सूचना ताडून पाहिली. ६ सेकंद दाखवली तेव्हाच लोक “हे विकायला चाललेत” अशा नजरेनं बघायला लागले. सोळा सेकंद सलग ठेवलेत तर तो परिणाम होणारच, हे धरून चाला.

मालक_जुळे_सोलापूर

घ्या! म्हणजे लेबल लावून गिऱ्हाईक घालवायचं. मग १६ सेकंद शेवटी टाका ना. नियमात कुठं म्हटलंय सुरुवातीलाच हवं? ३२ सेकंद बघून झालेला माणूस खरेदीला तयार झालेला असतो.

ठळक_अक्षर

एक तृतीयांशच्या ओळीत सुरुवात की शेवट हे लिहिलेलं नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण लेबल आधी आणि ठळक हवं, सर्वसाधारण माणसाच्या नजरेतून सुटू नये, ही मूळ अट सगळ्यालाच लागू आहे. आणि रील अर्ध्यात सोडणारे खूप असतात. पहिल्या काही सेकंदांतच मोठा गट निघून जातो. शेवटी लावलेलं लेबल त्यांतल्या कुणालाच दिसणार नाही, पण “शंभर टक्के कॉटन, सोलापूरचीच” हे वाक्य मात्र त्यांनी ऐकलेलं असेल.

कन्ना_चौक ताई अर्ध्यात कळण्याबद्दल जे म्हणाल्या तेही शेवटच्या लेबलानं हमखास होतं. आधी माणूस मैत्रिणीचं ऐकतोय असं समजून ऐकतो, आणि मग ३३ व्या सेकंदाला पट्टी येते. पहिल्या सेकंदाला सावध झालेला माणूस सावधपणे का होईना, पुढं ऐकत राहतो. नंतर सावध झालेल्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि तो राग दुकानावर निघतो.

खरं तर १६ मोजत बसूच नका. लहान पट्टी पूर्ण ४८ सेकंद राहू द्या. कुणी मधूनच बघायला लागलं, कुणी तुकडा कापून पुढं पाठवला, तरी ती सोबत जाते.

हुरडा_आणि_गूळ

माझा प्रश्न उलटा आहे. मी खाण्याच्या जागांबद्दल टाकते, स्वतः बिल भरून. तरी प्रत्येक रीलखाली “किती घेतले?” येतंच. मी “ही जाहिरात नाही” असं लिहू का? आणि कधी हॉटेलवाले ओळखतात, बिल घेत नाहीत, “ताई, राहू द्या” म्हणतात. तेवढ्यानं जाहिरात झाली का? मी तर काही कबूल केलेलं नसतं.

अभ्यासिका

चाटीगल्ली दादांच्या प्रश्नापेक्षा हा वेगळा आहे, पण जवळचा आहे. स्वतः विकत घेऊन आवडलं म्हणून सांगितलं तर ती जाहिरात धरली जात नाही, लेबलही लागत नाही. बिल घेतलं नाही तर मात्र संबंध तयार होतो. अ‍ॅस्कीच्या नियमात फुकट मिळालेली वस्तू अटीसह असो वा बिनअट, ती धरली जाते. सवलत, भेट, सहल, हॉटेलात राहणं, नातं, नोकरी हे सगळं त्यात येतं. म्हणजे त्या दिवशीच्या रीलवर “जेवण हॉटेलकडून मोफत” असं लिहायचं.

“ही जाहिरात नाही” हे लिहिल्यानं फायदा होतो, असं एका अभ्यासात दिसलं आहे. पण ते सगळ्या पोस्टना लागतं. चार रीलवर लिहिलंत आणि पाचवीवर विसरलात, तर पाचवी पैसे घेऊन केलेली असं लोक धरतात. त्यापेक्षा बिल दिसेल असा एक शॉट घालणं सोपं.

हुरडा_आणि_गूळ

बिलाचं जमेल. फुकट जेवणाचं लिहिलं तर हॉटेलवाले दुखावतील, पण बघते. अजून एक. मागच्या वर्षी एका ठिकाणाचे पैसे घेतले होते, तसं लिहिलंही होतं. आता तिथं स्वतःच्या पैशानं गेले तर जुनं सांगायचं का?

ठळक_अक्षर

अमुक महिन्यांनी जुना संबंध संपतो असं मोजमाप मी वापरत नाही. मी तर म्हणेन, सांगून टाका.

अभ्यासिका

मला इतकं सोपं वाटत नाही. प्रत्येक जुना व्यवहार सांगत बसलो तर बघणारा खऱ्या जाहिरातीच्या लेबलाकडेही दुर्लक्ष करायला लागेल. पुढचं काम मिळण्याची बोलणी चालू असतील तर सांगावं. व्यवहार पूर्ण संपला असेल तर नाही सांगितलं तरी मला वावगं वाटत नाही.

चाटीगल्ली_टॉवेल

माझ्या रीलकडे परत येतो. पेजवाल्या ताई पट्टी लावायला तयार झाल्या. पण त्या म्हणतात, मग सोबत “मतं माझी स्वतःची आहेत” असंही टाकू, म्हणजे लोकांना बरं वाटेल. चालेल का?

अभ्यासिका

याचा २०१६ चा प्रयोग आहे, ब्लॉगवरच्या पोस्टचा. नुसतं “ही प्रायोजित पोस्ट आहे” लिहिलं तेव्हा लिहिणाऱ्यावरचा विश्वास घटला. “प्रायोजित आहे, पण मत प्रामाणिक आणि माझं आहे” असं लिहिलं तेव्हा काहीच न लिहिलेल्या पोस्टइतकाच विश्वास राहिला. आणि नुसत्या लेबलाचा तोटा मुळात जास्त संशयी वाचकांमध्येच दिसला. म्हणजे त्या वाक्याला वजन आहे.

ठळक_अक्षर

वजन आहे म्हणूनच ते जपून वापरा. दादा, सरळ विचारतो: रील तुम्ही आधी पाहिलीत का? काही बदलायला सांगितलंत का?

चाटीगल्ली_टॉवेल

पाहिली. टॉवेलबद्दल त्या म्हणाल्या होत्या, “नवीन असताना पाणी नीट टिपत नाही.” ते वाक्य मी काढायला लावलं. बाकी काही नाही.

ठळक_अक्षर

मग “मतं माझी स्वतःची” हे आत्ता खरं नाही. एक मत तुम्ही कापलंत. ते वाक्य लिहायचं असेल तर कापलेलं परत घाला.

आणि ते वाक्य परत घालणं तुमच्याच फायद्याचं आहे. नव्या टेरी टॉवेलवर कारखान्यातून मऊपणासाठीचं फिनिशिंग असतं, त्यामुळं तो सुरुवातीला पाणी कमी टिपतो. दोन-तीनदा धुतला की फिनिशिंग उतरतं, सुताचे फास मोकळे होतात आणि टॉवेल टिपायला लागतो. हे ज्यांनी टॉवेल वापरलाय त्या सगळ्यांना माहीत असतं. रीलमध्ये “पहिल्याच दिवसापासून मस्त” ऐकलं की त्यांना कळतं, ही बाई पाठ केलेलं बोलतेय. “आधी दोनदा धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, मग बघा” असं ऐकलं की कळतं, हिनं वापरून पाहिलाय. चादरीचंही तसंच. जाड सुती चादर पावसाळ्यात लवकर वाळत नाही, हे सोलापुरात कुणाला नव्यानं सांगायला नको. सांगितलंत तर बाकीच्या चार चांगल्या गोष्टींवर विश्वास बसतो.

करार करतानाच ठरवायचं असतं की दुकान फक्त चुकीची माहिती दुरुस्त करेल. भाव, पत्ता, मापं, सुताचा प्रकार. मताला हात लावणार नाही.

कन्ना_चौक

अगदी हेच. दोष सांगितला की मी शेवटपर्यंत बघते. आणि माप सांगा. “मोठा टॉवेल” म्हणजे किती मोठा? ३० बाय ६० इंच असं सांगितलं की आहेराला काय द्यायचं ते ठरवता येतं.

अजून एक गोष्ट. “पेड आहे का?” अशी कमेंट काही पेजवाले पुसून टाकतात. मी बघितलेली कमेंट नंतर दिसली नाही की मी ते पेजच सोडते.

मालक_जुळे_सोलापूर

कमेंटचं पटलं. पुसू नका, त्याखाली लिहा “होय, जाहिरात आहे, व्हिडिओवर लिहिलंय” आणि ती कमेंट वर पिन करा. पण माझा मुद्दा राहतोच. टॅग लावला की रीच पडतो. सगळे म्हणतात.

ठळक_अक्षर

सगळे म्हणतात, पण तुलना कशाशी करतात? टॅग असलेली रील मालाची असते आणि टॅग नसलेली नाचाची किंवा गड्डा यात्रेची. मालाची रील तशीही कमीच पळते. एकच रील एकाच वेळी टॅगसह आणि टॅगशिवाय टाकून बघितल्याशिवाय दोष टॅगचा की विषयाचा हे ठरत नाही, आणि टॅगशिवाय टाकणं तर नियमात बसत नाही.

मालक_जुळे_सोलापूर

मला तरी फरक दिसतो. असो.

चाटीगल्ली_टॉवेल

नवीन मजकूर तयार केलाय, बघा.

पट्टी, पूर्ण ४८ सेकंद: “जाहिरात”

पहिलं वाक्य: “ही चाटी गल्लीतल्या … या दुकानाची जाहिरात आहे. त्यांनी मला पैसे आणि वापरायला माल दिलाय.”

१२ व्या सेकंदाला: “नवा टॉवेल लगेच पाणी टिपत नाही. दोन-तीनदा धुवा, मग टिपतो.”

कॅप्शनची सुरुवात: “जाहिरात: या व्हिडिओसाठी दुकानानं मला पैसे, दोन चादरी आणि सहा टॉवेल दिले आहेत. मत माझं आहे, भाव आणि मापं दुकानानं तपासली.” हॅशटॅग खाली, वेगळे. इन्स्टाचा टॅगही लावणार.

रक्कम लिहायची का?

ठळक_अक्षर

रक्कम लिहायची गरज नाही. पैसे आणि माल मिळाला एवढं कळलं की झालं. कॅप्शनची पहिली ओळ बरोबर आहे, कारण रीलखाली जेमतेम एखादी ओळच दिसते, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही.

एक बदल सुचवतो. पट्टीवर नुसतं “जाहिरात” ऐवजी “जाहिरात · पैसे घेतले आहेत” असं पहिले ६ सेकंद ठेवा, नंतर नुसतं “जाहिरात”. आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला पहिलं वाक्य ऐकू येत नाही, त्याच्यासाठी.

आणि रीलमध्ये “अस्सल सोलापुरी चादर” म्हणणार असाल तर त्याचा आधार ताईंच्या हातात द्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेर विणलेला माल त्या नावानं विकला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. तुमचा माल कुठल्या यंत्रमागावरचा आहे त्याचं बिल, आणि उत्पादक मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता असेल तर त्याचं प्रमाणपत्र, यांची प्रत त्यांना द्या. दावा तपासून मगच शिफारस केली हे दाखवता आलं, तर कायदा शिफारस करणाऱ्याला त्या दाव्यावरच्या दंडापासून आणि बंदीपासून वाचवतो. लेबल लावल्यानं खोटा दावा खरा होत नाही.

अभ्यासिका

टाकायच्या आधी एक छोटी चाचणी करा. पाच जण घ्या, दुकानातले नकोत. दोन-तीन वयस्कर असू द्या. मोबाइलवर रील एकदाच दाखवा, निम्म्यांना आवाज बंद ठेवून. मग मोबाइल परत घ्या आणि एकच विचारा: “हा व्हिडिओ कशासाठी केला असेल?” “लेबल दिसलं का?” असं विचारू नका. तसं विचारलं की सगळे हो म्हणतात. स्वतःहून “दुकानाची जाहिरात आहे” असं चौघा-पाचांनी सांगितलं तर शब्द आणि जागा जमली. “त्या बाईला टॉवेल आवडले म्हणून” असं उत्तर दोघांकडून आलं तरी पट्टी परत बघा. पाच जणांवरून टक्केवारी निघत नाही, पण ढोबळ चूक सापडते.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे दोघं घ्याच. आपल्या शहरात तसं गिऱ्हाईक भरपूर आहे. रील मराठीत आहे म्हणून लेबल मराठीत हे बरोबर, पण ‘सशुल्क’ किंवा ‘प्रायोजित’ असा पुस्तकी शब्द त्यांना कळतो का ते बघा. ‘जाहिरात’ कळेल असं मला वाटतं.

चाटीगल्ली_टॉवेल

केली चाचणी, शेजारच्या दुकानांतल्या आणि पूर्व भागातल्या ओळखीच्या लोकांवर. चौघांनी लगेच “तुमची जाहिरात” म्हटलं. एका आजींनी आवाज बंद असताना “मुलीचं लग्न असेल” असं सांगितलं. सुरुवातीला आहेराचा शॉट आहे, त्यामुळं असेल. पट्टी त्यांना दिसलीच नाही म्हणाल्या.

ठळक_अक्षर

पट्टीचा आकार किती आहे?

चाटीगल्ली_टॉवेल

अक्षरं ३६ पिक्सेल. पट्टीचा रंग मरून, मागं चादरही मरून.

ठळक_अक्षर

दोन्ही बदला. अक्षरं किमान ५६ करा आणि पट्टी काळी. आजींना परत दाखवून उपयोग नाही, त्यांना आता माहीत झालंय. दुसऱ्या आजी शोधा.

कन्ना_चौक

आमच्या सासूबाईंना दाखवते, फाइल पाठवा. आणि त्या ३० बाय ६० चा भाव काय?